जीभ कुठे टेकते?

पहिलीच्या वर्गात क ते म ही पंचवीस अक्षरं पाठ होतात, पण ती तोंडात कुठे उमटतात हे गाण्यातून लवकर कळतं. उदाहरणार्थ, या ओळी :

ट म्हणताना जीभ वळे,
त म्हणता ती दातां मिळे,
प म्हणताना ओठ जुळे.

ओळ म्हणताना मुलांनी ती कृती करायचीच. मग ‘ताट’ हा शब्द सावकाश म्हणायला सांगा. सुरुवातीला जीभ दातांना लागते, शेवटी वळून वर टाळूला. मूल ‘तात’ म्हणालं, तर जीभ वळली नाही हे लगेच ओळखू येतं.

च-वर्गाची ओळ रचताना मात्र जपायला हवं. मराठीत च दोन तऱ्हांनी उच्चारतात. ‘चिमणी’तला च टाळूचा, ‘चाक’मधला दातांजवळचा. म्हणून ‘च टाळूचा’ असं शिकवणाऱ्या ओळीत चिमणी, चंद्र हेच शब्द घ्यावेत. चाक, चोर नंतर, वेगळ्या ओळीत.

आणि म? ओठ मिटून ‘म्’ लांबवा आणि नाक चिमटीत धरा. आवाज तिथेच अडतो. पहिलीतल्या मुलांना हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायला फार आवडतो.