तान्ह्या बाळाचे पोट आणि हलका हात

(महाबळेश्वर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



पावसाळ्यात या डोंगरावरील घरांची दारे-खिडक्या दिवसचे दिवस बंद असतात. अशा एखाद्या घरात पाच-सहा आठवड्यांचे बाळ दिवेलागणीला रडू लागते. चेहरा लाल होतो, मुठी आवळल्या जातात, पाय पोटाशी घेतले जातात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, पोटात वारा धरला. मग कोणी हिंग उगाळते, कोणी घुटी देते, कोणी तेल गरम करते. यांपैकी हाताने करावयाच्या दोन उपायांविषयी आज बोलावयाचे आहे. पाय सायकलसारखे फिरविणे हा एक, आणि पोटावरून हलका हात फिरविणे हा दुसरा.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की रडणे आणि वारा यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. बाळ रडताना हवा गिळते. म्हणजे पुष्कळदा वाऱ्यामुळे रडणे नसून रडण्यामुळे वारा असतो. निरोगी बाळाचे हे सायंकाळचे रडणे साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. या दोन उपायांनी हे चक्र थांबते असा भक्कम पुरावा नाही. अडकलेला वारा पुढे सरकण्यास थोडी मदत होते, बाळाला स्पर्शाने दिलासा मिळतो आणि आईच्या हातांना काम मिळते. अपेक्षा एवढीच ठेवावी.

आता कृती पाहू. दूध पाजल्यावर लगेच काही करू नये. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, नाही तर दूध उलटून येते. जमिनीवर घडी केलेली गोधडी घालून बाळाला उताणे निजवावे. मांडीवर किंवा झोळीत हे नीट जमत नाही. हात धुऊन एकमेकांवर चोळून ऊबदार करावेत. खोलीत ऊब हवी, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवू नये. तिच्या धुरातील विषारी वायू बाळाला सर्वांत आधी बाधतो.

बाळाच्या पायांकडे बसून दोन्ही पिंढऱ्या घोट्याच्या थोडे वर सैल धरावयाच्या. एक गुडघा हळूच पोटाकडे न्यावा; तो परत येत असताना दुसरा न्यावा. असे आठ-दहा वेळा करावे, सावकाश, आपल्या श्वासाच्या गतीने. मग दोन्ही गुडघे मिळून पोटाशी आणून तीन-चार सेकंद तसेच ठेवावेत आणि सोडावेत. वारा सरतो तो बहुधा याच वेळी. सहाव्या आठवड्याची लस मांडीत टोचली जाते; त्या दिवशी मांडीला हात लावू नये.

सर्वांत मोठी चूक होते ती पाय सरळ करताना. नवजात बाळाचे पाय खुब्यात आणि गुडघ्यात स्वभावतःच दुमडलेले असतात. ते ओढून ताठ करणे किंवा पाय जुळवून कापडात घट्ट बांधणे यामुळे खुब्याचा सांधा सरकण्याचा धोका असतो. पाय आपल्या मर्जीने परत येईल तितकाच येऊ द्यावा. एका बाजूचा खुबा दुसरीइतका बाहेर उघडत नसेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पोटावर हात फिरविण्याची दिशा महत्त्वाची आहे. आपण बाळाच्या पायांकडे बसलो म्हणजे बाळाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताकडे येते. मोठे आतडे तेथे खाली सुरू होते, वर चढते, बेंबीच्या वरून आडवे जाते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते. तेव्हा हातही आपल्या डावीकडून वर, मग आडवा आणि उजवीकडून खाली न्यावा. समोरून पाहताना ही घड्याळाच्या काट्यांची दिशा होते. बोटांची टोके न टोचता त्यांचा सपाट भाग वापरावा. मिटलेल्या पापणीवर आपण जेवढा दाब सहज सोसू, तेवढाच पोटावर द्यावा. उजव्या बरगडीखाली मुळीच दाबू नये, कारण बाळाचे यकृत बरगडीच्या थोडे खाली येते. दोन-तीन मिनिटे पुरेत. नाळ गळून बेंबी पूर्ण वाळेपर्यंत पोटाची मालिश करू नये. तेलाचे चार थेंब तळहातास लावले तरी चालते. बेंबीत, नाकात, कानात तेल घालणे मात्र घातक आहे.

बाळ अंग ताठ करू लागले, तोंड फिरवू लागले किंवा अधिकच रडू लागले, तर थांबावे. घुटी, मध किंवा बाजारातील पोटदुखीचे पाणी यांची गरज नाही. सहा महिने आईचे दूधच पुरे. अंगावर घेताना बाळाच्या तोंडात नुसते बोंड न जाता भोवतीचा काळसर भागही जावा आणि पाजल्यावर त्याला खांद्यावर उभे धरावे, म्हणजे मुळात हवाच कमी जाते. मालिशीपेक्षा हे अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तापोळ्याच्या बाजूच्या एका वस्तीवर सहा आठवडे उलटलेले बाळ आहे. संध्याकाळी दोन तास रडते, एरवी दूध ओढून पिते, वजन वाढते आहे, पोट मऊ आहे. चार दिवस शौचास झाले नाही. पाचव्या दिवशी कुंथून पातळ पिवळी शी केली. हे बाळ निरोगी आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा आठवड्यांनंतर काही दिवस शौचास न होणे हा आजार नव्हे. येथे हे दोन उपाय दिवसातून दोनदा खुशाल करावेत.

तेच बाळ एके रात्री हिरवी उलटी करते, दूध घेत नाही आणि पोट ढोलासारखे ताणलेले लागते. येथे पोटाला हातही लावू नये, कारण आतडे पिळले गेले असण्याची शक्यता असते आणि तासागणिक धोका वाढतो. शौचातून रक्त किंवा लाल शेंबडासारखा पदार्थ, जांघेत कडक गाठ, अंग तापणे किंवा गार पडणे, मलूलपणा, मध्येच कळ येऊन पांढरे पडणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी निघावे. मेळघाटात पोट फुगलेल्या अर्भकांना तापविलेल्या लोखंडाने डागण्या दिल्याच्या घटना २०२५ सालीही उघडकीस आल्या. डागण्यांची इजा होते ती होतेच, शिवाय दवाखान्यात पोचण्याचे तास निघून जातात.

आपल्या भागात हा वेळ अधिकच मोलाचा आहे. कांदाटी खोऱ्यातून रात्री धुक्यात निघणे सोपे नसते, आणि सातारा जिल्हा रुग्णालय घाटाखाली आहे. म्हणून ज्या घरी तान्हे बाळ आहे, तेथे रात्री वाहन किंवा होडी कोणाची मिळेल हे पंचायत सदस्याने आधीच ठरवून ठेवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकते हेही पाहावे. आशा कार्यकर्ती घरी येते ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. रडणे जेव्हा कळसाला असते, नेमक्या त्या दिवसांनंतर हा खंड पडतो. तेव्हा बेचाळिसाव्या दिवशीच तिने आईकडून ही कृती प्रत्यक्ष करवून घ्यावी आणि निघण्याच्या खुणा आजीलाही सांगाव्यात. रात्रीचा निर्णय बहुधा आजीच घेते.

निघताना शेवटचे दूध केव्हा घेतले, शी आणि लघवी केव्हा झाली, हे लक्षात ठेवावे. उलटीने भरलेले दुपटे धुऊ नये, तसेच सोबत न्यावे. त्यावरचा हिरवा रंग डॉक्टरांना पुष्कळ काही सांगतो.