तिसऱ्या रांगेतला सातवा माणूस

आज एका फोटोबद्दल बोलू. धाराशिव जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वर्धापनदिनाची पुस्तिका निघत होती, आणि मधल्या पानावर कामगारांचा जुना ग्रुप फोटो टाकायचा होता. चार रांगा, सेहेचाळीस माणसं. मागे फक्त स्टुडिओचा शिक्का, नावं नाहीत. ती नावं शोधायचं काम माझ्याकडे आलं.

नावांच्या आधी तारीख शोधायची. पुढच्या रांगेसमोर पाटी होती, ‘हंगाम १९८४-८५’. पण हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो, मग फोटो नेमका कधीचा? मागे बघितलं तर चिमणीला धूर नाही, गव्हाण रिकामी, बैलगाड्यांची रांग नाही. म्हणजे पट्टा पडल्यानंतरचा फोटो. याने फार फरक पडतो, कारण तेव्हा हंगामी कामगार घरी गेलेले असतात आणि हजेरीवर मुख्यतः कायम माणसंच उरतात.

मग फोटो मोठ्या आकारात स्कॅन केला आणि प्रत्येक डोक्याला नंबर दिला: रांग आणि डावीकडून कितवा. डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे आधीच ठरवून घ्या. नाहीतर एक काका फोटोतल्या माणसाची डावी बाजू धरतात, दुसरे आपली, आणि अख्खी रांग उलटी होते. पाटीवरची अक्षरं सरळ दिसत होती, म्हणून फोटो उलटा छापलेला नाही हेही कळलं.

टाइम ऑफिसच्या मस्टरमधून त्या महिन्यांची नावं काढली. ही यादी मात्र निवृत्त मंडळींना आधी दाखवायची नाही. यादी समोर असली की माणूस चेहरा ओळखत नाही, नाव बसवतो. नुसता फोटो द्यायचा, आणि प्रत्येकाला वेगळं भेटायचं. पारावर सगळे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचंच नाव ठरतं.

आता तो सातवा माणूस. तिसऱ्या रांगेतला, पांढरी टोपी, हात मागे. दोन निवृत्त काका एकाच घरी भेटले, मला वेगळं भेटता आलं नाही. दोघं म्हणाले, ‘हा पॅनवरचा थोरला.’ तिसरे काका, वेगळ्या गावचे, फोनवर फोटो बघून म्हणाले, ‘थोरला न्हाई, धाकटा हाय. हंगामी होता, गव्हाणीवर.’ दोघे सख्खे भाऊ, चेहरा सारखा.

मतं मोजली तर दोन विरुद्ध एक. पण पहिल्या दोघांनी एकमेकांचं ऐकूनच सांगितलं होतं, म्हणून ते माझ्या लेखी एकच मत. मस्टरमध्ये थोरला होता, धाकटा नव्हता. कागद थोरल्याच्या बाजूने, असं वाटेल. पण थांबा. मस्टर सांगतं की पगारावर कोण होतं. फोटोला कोण उभं राहिलं ते सांगत नाही. हंगामी कामगारांना बंद काळात रिटेनिंग अलाउन्स मिळायचा, त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरला. तिथे धाकट्याचं नाव सापडलं. गाव कारखान्याला लागूनच. म्हणजे तो त्या दिवशी येऊ शकत होता. आला होता का, हे अजून बाकी.

थोरल्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये भरतीच्या वेळचा फोटो होता. चेहरा वयाने भरतो, केस जातात, मिशी येते-जाते. कानाची पाळी मात्र सहसा तशीच राहते. फाइलमधल्या फोटोत थोरल्याची पाळी सुटी, लोंबती. स्कॅन मोठा करून पाहिलं, सातव्याची पाळी गालाला चिकटलेली. थोरला बाद. तरी नुसत्या कानावर नाव छापणं बरं नाही, म्हणून धाकट्याच्या घरी गेलो. त्याच्या मुलाने लग्नाच्या अल्बममधला वडिलांचा फोटो काढला. तीच टोपी, तीच चिकटलेली पाळी. मग नाव लिहिलं.

नाव लिहितानाही घोळ असतोच. जुन्या पीएफच्या कागदांवर नावं इंग्रजीत, एकाच माणसाची दोन स्पेलिंगं. म्हणून वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घेतलं. आडनाव एकच असलेले तिघे होते, त्यात टोकन नंबर उपयोगी पडला. तो पुस्तिकेत छापला नाही, फक्त आमच्या वहीत ठेवला. ‘कै.’ घरच्यांशी बोलल्याशिवाय लावलं नाही.

आणि पाटीवर ‘जि. उस्मानाबाद’ आहे. फोटोओळीत ते तसंच ठेवलं, कंसात ‘आताचा धाराशिव’.

सेहेचाळीसपैकी एकेचाळीस नावं बसली. पाच जागी ‘नाव समजले नाही’ छापलंय. त्यातला एक, चौथ्या रांगेच्या टोकाचा, अर्धा बाहेर कापला गेलाय. चष्मा आहे. तुमच्या आजोबांकडे त्याच फोटोची दुसरी प्रत असेल आणि त्यात कड पूर्ण आली असेल, तर तेवढी कड मला पाठवा.