नेटवर्क नसलेल्या मुक्कामी फोटोंची दुसरी प्रत



उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीहून लडाखला जाणारी मंडळी आता नवलाची राहिलेली नाहीत. तिकडच्या थंडीची आणि विरळ हवेची माहिती सगळे विचारून घेतात. फोटोंचं काय करायचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. इथे मुंबईत फोन आपले फोटो परस्पर इंटरनेटवर चढवत असतो, त्यामुळे तिथेही तसंच होईल असं आपण गृहीत धरतो. पण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं, पण लेह शहर मागे पडलं की तेही तासन्‌तास गप्प असतं. आज मी पाँगाँग, हानले आणि त्सो मोरिरीच्या वाटेवर रोज रात्री फोटोंची दुसरी प्रत कशी काढायची, तेवढंच सांगणार आहे.

हानलेचंच उदाहरण घेऊ. तिथे साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, आणि २०२२ पासून हा परिसर काळोख राखण्यासाठी जपला जातो. आकाश असं की ताऱ्यांचे फोटो काढल्याशिवाय कुणाचा पाय निघत नाही. समजा, तुम्ही तिवईवर कॅमेरा लावून तीस-तीस सेकंदांचे फोटो दोन तास घेतलेत. ते झाले २४० फोटो. दिवसभराचे आणखी दीडशे धरा. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण तीस एमबीची असते, म्हणजे एका दिवसाचे जवळजवळ १२ जीबी झाले. तंबूत एक एमबीपीएस इतकं नेट मिळालं, आणि अखंड मिळालं, तरी एवढा ऐवज वर चढवायला सव्वीस तासांहून जास्त लागतील. तेच बारा जीबी कार्ड रीडरमधून छोट्या एसएसडीवर उतरवायला आठ-दहा मिनिटं पुरतात. म्हणून या प्रवासात इंटरनेटवरचा बॅकअप हा विचारच बाजूला ठेवावा, तो घरी आल्यावर.

आता सामान. फोन आपल्याकडे असतोच. टाइप-सी जोडणीचा कार्ड रीडर, पाचशे जीबी किंवा एक टीबीची खिशात मावणारी एसएसडी, आणि या दोघांना एकाच वेळी फोनला जोडणारा यूएसबी हब. हब घेताना एक गोष्ट नक्की बघा: त्याला वीज आत घेण्यासाठी वेगळं टाइप-सी तोंड हवं. फोनला तोंड एकच. तिथे रीडर लावला की चार्जर लावायला जागा उरत नाही, आणि एसएसडी तर फोनच्याच बॅटरीतून वीज ओढते. काही फोन तेवढी वीज बाहेर देत नाहीत. मग ड्राइव्ह क्षणभर दिसते आणि नाहीशी होते, किंवा प्रत निघता निघता मध्येच तुटते. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क तर बहुतेक फोनवर चालूच होत नाही. हबच्या त्या वेगळ्या तोंडाला पॉवर बँक जोडली की फोन, रीडर, एसएसडी तिघांनाही वीज मिळते.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी पॉवर बँक हबला, मग हब फोनला, आणि शेवटी रीडर आणि एसएसडी. प्रत निघत असताना पॉवर बँकेची केबल काढू नका, नवीन लावूही नका. विजेचा स्रोत बदलला की हब क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती अर्धीच राहते. काही पॉवर बँका तर वीज फारच कमी ओढली जाते आहे असं दिसलं की आपणहून बंद पडतात. म्हणून फोन पूर्ण भरलेला असताना हे काम काढण्यापेक्षा अर्धा-पाऊण भरलेला असताना काढलेलं बरं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी नावाचं एक बटण सेटिंगमध्ये वेगळं चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. रीडर दिसत नसेल तर पहिल्यांदा तिथे बघा, मग केबलकडे.

जेवणं झाली, तंबूतला दिवा अजून चालू आहे. कॅमेऱ्यातून कार्ड काढा आणि रीडरमध्ये घालण्याआधी त्याच्या कडेची बारीक खिट्टी खाली सरकवा. ती खिट्टी खाली असली की बहुतेक रीडर कार्डावर नवीन काही लिहू देत नाहीत, फक्त वाचू देतात. याचं कारण असं की काही फोन नवं कार्ड दिसलं की त्यावर आपले फोल्डर तयार करतात, आणि कधी कधी कार्ड फॉरमॅट करायचं का, असंही विचारतात. दमलेल्या माणसाचं बोट नको तिथे पडायला वेळ लागत नाही. खिट्टी सरकवलेली असेल तर तोही धोका सहसा टळतो. ड्रोनच्या किंवा अॅक्शन कॅमेऱ्याच्या छोट्या मायक्रोएसडी कार्डाला अशी खिट्टी नसते, पण ते मोठ्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये घातलं की अडॅप्टरची खिट्टी तेच काम करते.

मग फोनमधलं फाइल्सचं अॅप उघडा. एसएसडीवर त्या दिवसाचा नवा फोल्डर करा, आणि नावात तारीख व कार्डाचा क्रमांक दोन्ही घाला, उदाहरणार्थ 0612_card2. हे नाव नुसतं सोयीसाठी नाही. कॅमेरा फायलींना क्रमांक देतो आणि ९९९९ झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. कार्ड फॉरमॅट केल्यावर क्रमांक नव्याने सुरू होण्याची सेटिंगही पुष्कळ कॅमेऱ्यांत असते. त्यामुळे सोमवारच्या पाँगाँगच्या फोटोचं नाव DSC_0001 आणि गुरुवारच्या हानलेच्या फोटोचंही DSC_0001, असं होऊ शकतं. सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकलं की फोन विचारतो, जुनी फाइल बदलायची का? इथे हो म्हटलं की सोमवारचा फोटो गेला. रोजचा वेगळा फोल्डर असेल तर हा प्रश्न उभाच राहत नाही.

कार्डावरचा DCIM हा फोल्डर निवडा आणि कॉपी म्हणा. मूव्ह कधीही म्हणू नका. मूव्ह म्हणजे तिकडे लिहून इकडचं पुसणं; मध्ये जोडणी तुटली तर काही फायली धड इकडेही राहत नाहीत आणि तिकडेही नीट नसतात. प्रत निघेपर्यंत फोन विमान मोडवर ठेवा. जिथे नेटवर्क नसतं तिथे फोन ते शोधण्यातच बॅटरी संपवतो.

काम झालं असं फोनने सांगितलं तरी ते लगेच खरं मानू नये. फायली अजून पूर्णपणे लिहून झालेल्या नसण्याची शक्यता असते. आधी इजेक्ट करा, एसएसडी काढा आणि पुन्हा लावा. आता दोन्हीकडची फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. आपल्या उदाहरणात ३९० म्हणजे ३९०च हवेत. ३८९ असतील तर तो एक शोधायचा. नंतर पहिला, मधला आणि अगदी शेवटचा फोटो एसएसडीवरून उघडा आणि मोठा करून पाहा. बारीक चित्रांच्या रांगेवर विसंबू नका, कारण ती चित्रं फोनने आपल्या आठवणीतून दाखवलेली असू शकतात. अर्धवट उतरलेला फोटो उघडला की वरचा भाग ठीक आणि खालचा सपाट राखाडी दिसतो. फाइलचा आकार शून्य दिसला तर त्या फोल्डरची प्रत सरळ पुन्हा काढावी.

एवढं झाल्यावर कार्ड पुसून उद्यासाठी मोकळं करावं, असा मोह होतो. तो टाळा. पुसलं की पुन्हा एकच प्रत उरली, मग एवढा खटाटोप कशाला केला? दहा दिवसांचे १२० जीबी धरले तर ६४ जीबीची तीन कार्डं सहज पुरतात. भरलेलं कार्ड खिट्टी खाली ठेवूनच डबीत जातं आणि घरी येईपर्यंत कॅमेऱ्यात जात नाही. एसएसडी कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवू नये. ती सोबतच्या दुसऱ्या माणसाच्या सॅकमध्ये जावी. टेम्पोच्या टपावरून एक पिशवी घरंगळली किंवा कुठल्याशा धाब्यावर राहून गेली, तरी दुसरी प्रत वाचते. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, सगळं फोनवरच टिपलं आहे, त्यांनी फोनमधला DCIM फोल्डर याच पद्धतीने एसएसडीवर घ्यावा. फोन तलावात पडतो, कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेळा पडतो.

विजेचा हिशेब आता सांगतो. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच छापलेलं असतं, पण तो आकडा आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टवरचा. वॅट-अवर म्हणायचे तर ७४. ही वीज पाच व्होल्टवर आणताना काही वाया जाते, म्हणून पाच हजार एमएएचचा फोन तिच्यातून चार नव्हे, साधारण तीन वेळा भरतो. फोटो उतरवण्याला या साऱ्यातली फारच थोडी वीज लागते. एसएसडी दोन-तीन वॅट घेते, तेही दहा मिनिटं. खरी वीज जाते ती फोनचा पडदा, नेटवर्कचा शोध आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यांत. तिकडच्या अनेक छावण्यांत वीज संध्याकाळचे काही तासच असते, तीही जनित्रावर. दिवे लागल्या लागल्या पॉवर बँक चार्जिंगला लावा, आणि जनित्र बंद झाल्यावर तिच्यावर फोटो उतरवा. रात्री ती आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झोपण्याच्या पिशवीत घ्या. लिथियमची बॅटरी थंडीत कमी वीज देते, आणि शून्याखालच्या तापमानात ती चार्ज केली तर कायमची बिघडते. गारठलेली बँक आधी अंगाच्या उबेने कोमट होऊ द्या, मग चार्जिंगला लावा.

अंधेरीच्या विमानतळावरून निघणार असाल तर पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. शंभर वॅट-अवरपर्यंतची मुभा असते, आपली ७४ची आहे. तिच्यावरचे आकडे झिजून पुसले असतील तर सुरक्षा तपासणीत अडकण्याची शक्यता असते, म्हणून छापील क्षमता वाचता येईल अशीच घ्या.

आणि हे सगळं निघण्याआधी एकदा इथेच करून बघा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी सकाळी कान्हेरीपर्यंत जा, दोनशे फोटो काढा, फोन विमान मोडवर टाका आणि लेण्यांच्या पायरीवर बसून वरचा सगळा क्रम पार पाडा. एसएसडी फोनला दिसते, पण तिच्यावर लिहिता येत नाही, हा घोटाळा तिथेच कळेल. बहुधा ती NTFS पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, आणि पुष्कळ फोन त्यावर लिहू शकत नाहीत. घरी संगणकावर तिला exFAT करून घ्या. आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामी असतानाच करा. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन फारच स्वस्तात कार्ड मिळालं असेल तर विंडोजवर H2testw नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवा. तो कार्ड पूर्ण भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पाहतो. वर १२८ जीबी छापलेलं पण आत प्रत्यक्षात ३२च, अशी बनावट कार्डं बाजारात असतात. ती भरेपर्यंत तक्रार करत नाहीत, आणि नंतरचे फोटो उघडतच नाहीत.

घरी परतल्यावर १२० जीबी वर चढवायला शंभर एमबीपीएस अपलोडच्या ब्रॉडबँडवर हिशेबाने जवळजवळ पावणेतीन तास लागतात, प्रत्यक्षात एक अख्खी रात्र धरा. सकाळी फायलींची संख्या एसएसडीशी ताडून पाहा, आणि ती जुळली की मगच कार्डांच्या खिट्ट्या वर सरकवून, कॅमेऱ्यात घालून, कॅमेऱ्याच्याच मेनूतून ती फॉरमॅट करा.