जामीनकतबा कसा वाचावा
(धरणगाव येथील व्याख्यान)



आपल्या भागात कपाशीच्या हंगामासाठी वा दुकानासाठी पतपेढीकडे कर्ज मागितले की जामीनदार आणावा लागतो. नात्यातील कोणी तरी येतो आणि दाखविलेल्या जागी सही करतो. ती सही नेमकी कशावर होते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

समजा, एका दुकानदाराने द.सा.द.शे. 12 दराने, तीन वर्षांच्या मुदतीने 1,00,000 रुपये घेतले व त्याचा मावसभाऊ जामीन राहिला. मावसभावाने जामीनकतब्याशेजारी मूळ कर्जरोखा ठेवावा आणि दोन्ही ताडून पाहावे.

प्रथम जबाबदारीचा प्रकार. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे, निराळे ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोकडून वसुली करावी, ही समजूत बरोबर नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. शिवाय कतब्यात ‘वेळोवेळी देण्यात येणारी सर्व कर्जे’ असे शब्द असतील, तर ती चालू जामीनकी होय. मग पुढील वर्षी दुकानदाराने घेतलेले कर्जही मावसभावाच्या शिरावर येईल.

दुसरी गोष्ट रकमेची. ‘व्याजासह एकूण 1,00,000 पर्यंत’ आणि ‘1,00,000 व त्यावरील व्याज’ ही वाक्ये सारखी वाटतात. परंतु दोन वर्षे काहीच फेड झाली नाही, तर सरळव्याजानेही 24,000 रुपये वाढतात. पहिल्या वाक्यात ते जामीनदाराकडून मागता येत नाहीत, दुसऱ्यात येतात. मर्यादा अंकी व अक्षरी दोन्ही लिहून घ्यावी.

तिसरी गोष्ट सह्यांची. कोऱ्या रकान्यांवर सही करू नये. प्रत्येक पानावर सही असावी आणि नाव कर्जरोख्यातील नावाशी जुळावे. दुसरा जामीनदार सही करील या भरवशावर आपण राहत असू, तर त्याच्या सहीवाचून कतबा अमलात येणार नाही, ही अट लेखी घ्यावी. 144 वे कलम अशा अटीला मान देते. तोंडी बोलणे सिद्ध करणे कठीण.

शेवटी मेळ. कर्जरोख्यात व्याज 12 आणि कतब्यात 14, किंवा मुदत, तारीख व कर्जखात्याचा क्रमांक निराळा, असे आढळल्यास सहीपूर्वीच दुरुस्ती करून तीवर उभयतांच्या सह्या घ्याव्यात. जामीनदाराच्या संमतीवाचून मूळ करारात बदल झाला, तर 133 व्या कलमान्वये बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मुक्त होतो. मात्र पुष्कळ छापील कतब्यांत ‘असे बदल मला आगाऊ मान्य आहेत’ असे बारीक अक्षरांत असते, आणि मग हे संरक्षण बहुधा उरत नाही. ते वाक्य शोधावे. खोडून मिळत नसेल, तर निदान आपण काय सोडून देत आहोत हे जाणून मगच सही करावी.

दोन्ही कागदांच्या प्रती घरी ठेवाव्यात. भाऊबंदकीचा प्रश्न पुढे उभा राहिला, तर उत्तर त्यांतच सापडेल.