उंबऱ्यावरचा बिंदू

(कोसाड येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आत येताना एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, "विषय जुन्या घरांचा आहे म्हणता, आणि व्याख्यान कोसाडला? आमच्या आवासातलं सगळ्यात जुनं काय असेल तर लिफ्ट, तीही बंद." (हशा) काका, उत्तर शेवटी देतो. तोवर उठून जाऊ नका.

वारसा म्हणजे काय, तो का जपायचा, हे मी सांगणार नाही. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींची नियमावली आली, तिच्यातून पहिली, दुसरी अ, दुसरी ब आणि तिसरी या श्रेणी रूढ झाल्या, हेही तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचलेलं आहे. अहमदाबादचं जुनं शहर जुलै २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हा तिथे २,२३६ राहती घरं आणि ४४९ संस्थांच्या वास्तू सूचीत होत्या. माझा विषय आहे तो या आकड्याच्या पोटात काय असतं हा. २,२३६ घरं म्हणजे २,२३६ वेळा कुणीतरी एका दारासमोर उभं राहून ठरवलं, की हे घर इथून सुरू होतं. सगळी भानगड त्या 'इथून'मध्ये आहे.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे आणि ते मी आज चार ठिकाणी घुसडणार आहे. नकाशावर घराचा बिंदू उंबऱ्यावर टाका. घराच्या मधोमध नाही, छपरावर नाही, फोन सांगेल तिथे तर नाहीच.

आता समजा आपण सुरतच्या गोपीपुऱ्यातली एक गल्ली घेतली. घरं एकाला एक चिकटून, मधल्या भिंती सामाईक. रुंदी चारेक मीटर, खोली वीस-पंचवीस. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले. तुमच्या हातात फोन. फोन आपली जागा ओळखतो ती उपग्रहांच्या संदेशांवरून, आणि अशा गल्लीत ते संदेश भिंतींवर आपटून येतात. पाच-दहा मीटरची चूक सहज होते. मोकळ्या मैदानात दहा मीटरला कोण विचारतो? इथे दहा मीटर म्हणजे अडीच घरं. पाटलांच्या घराची माहिती शहांच्या घरावर बसते आणि कधीकधी समोरच्या रांगेत जाऊन बसते. ओळखायचं कसं? एका सरळ रांगेतल्या दहा दारांचे बिंदू फोनने टाका आणि पडद्यावर बघा. रांग सरळ असताना बिंदू नागमोडी पडले, तर त्या गल्लीत फोनचं ऐकायचं नाही.

मग कुणी म्हणतं, उपग्रहाचं छायाचित्र घेऊ. घ्या की! त्यात छपरं दिसतात. पत्रे एकमेकांवर चढलेले, गच्च्या जोडलेल्या. सामाईक भिंत आकाशातून दिसत नाही. म्हणून पाया सिटी सर्व्हेच्या नकाशाचा घ्यावा लागतो. सुरतेत घराची सरकारी ओळख वॉर्ड आणि नोंध क्रमांक अशी चालते, ती त्या नकाशावर असते. तो जुना कागद स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये आजच्या नकाशावर बसवायचा. त्यासाठी दोन्हीकडे सापडतील असे पक्के कोपरे लागतात: देवळाचा चौथरा, मशिदीची भिंत, चौकाचं टोक. झाड धरू नका, विजेचा खांब धरू नका. आणि सगळे कोपरे एकाच बाजूचे धरू नका, कारण जुना कागद सगळीकडे सारखा आकसत नाही. मग हा नकाशा ५००ला १ या प्रमाणात छापायचा. चार मीटरचं घर कागदावर आठ मिलिमीटर होतं, पेन्सिलने आकडा लिहिता येतो. २,०००ला १ केलात तर घर दोन मिलिमीटरचं, तिथे फक्त मुंगी लिहू शकेल. कागद हातात, दारासमोर उभं राहायचं आणि उंबऱ्यावर ठिपका. झालं.

"एवढा हट्ट कशाला, नकाशात घराचा चौकोन आहेच की," असं मला आमच्या क्षेत्रातले मित्रही म्हणतात. आज त्यातले दोघे समोर बसलेत, म्हणून जरा मोठ्याने सांगतो. (हशा) समजा नोंध क्रमांक २१७. कागदावर एक चौकोन. प्रत्यक्षात दोन भाऊ वेगळे झाले. धाकट्याकडे पुढचा भाग, थोरल्याकडे मागचा, आणि थोरल्याचं दार मागच्या बोळात. पुढे जुनी लाकडी माडी, कोरीव खांब, तुळयांना नक्षी. मागे सगळं पाडून सिमेंटचं बांधकाम. चौकोनाला एकच फॉर्म जोडलात तर लिहिणार काय, जुनं की नवं? दोन दारं, दोन बिंदू, दोन फॉर्म. उलटही होतं: दोन नोंधींची जमीन, पण घर एकच, दार एक. तिथे एक बिंदू, आणि दोन्ही नोंध क्रमांक फॉर्मात. चौकोन जमिनीची मालकी सांगतो, दार घर सांगतं. आपण घरांची यादी करतोय.

आता क्रमांकाबद्दल. हे पाच मिनिटांत उरकायचं ठरवलं होतं, पण मला राहवत नाही. फॉर्म आणि नकाशा यांना जोडणारी एकच दोरी असते, घराचा क्रमांक. दोन्हीकडे तो अक्षर न् अक्षर सारखा हवा. तुम्ही एक्सेलमध्ये फॉर्म भरता. विभागलेल्या घराचा क्रमांक लिहिता ७/१२. आपल्या माणसाला ७/१२ म्हणजे काय हे सांगायला नको. एक्सेलला विचारा. तो म्हणतो, सात डिसेंबर! (हशा) घराचा वाढदिवस करून टाकतो. आणि १७/१२ची झाली सतरा डिसेंबर, पण १७/१३ तसाच राहिला, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे निम्मी यादी शाबूत, निम्मी तारखांची, आणि वरवर चाळणाऱ्याला कळतही नाही. ०२१७ लिहिलंत तर पुढचं शून्य तो खाऊन टाकतो.

याहून बेरकी चूक खास आपली, सुरतेतल्या मराठी माणसाची आहे. गुजराती तीन आणि मराठी तीन कागदावर शेजारी ठेवा: ૩ आणि ३. डोळ्याला फरक दिसतो का? संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. एका पोरीने फोनच्या गुजराती कीबोर्डवर ૩૩ भरलं, दुसऱ्याने मराठीवर ३३ भरलं, नकाशात इंग्रजी 33 आहे. पडद्यावर सगळं बरोबर दिसतं आणि एकही घर जुळत नाही. बिचारी मुलं रात्रभर शोधत बसतात. उपाय साधा आहे. क्रमांकाचा रकाना 'मजकूर' असा बांधून टाकायचा, आकडे इंग्रजीच, आणि सुरुवातीला गल्लीची अक्षरं, म्हणजे `GOP-0217-A`. याची तारीख करून दाखवा! आणि रोज संध्याकाळी संगणकाकडून दोन याद्या काढायच्या: फॉर्म आहे पण नकाशात बिंदू नाही, आणि बिंदू आहे पण फॉर्म नाही. दोन्ही रिकाम्या निघाल्या तर जेवायला जा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. म्हणजे फॉर्मचे रकाने आता भराभर घ्यावे लागणार, आणि खरं तर तोच विषय होता. असो.

फॉर्ममध्ये 'अवस्था: चांगली, बरी, वाईट' असा रकाना सगळे ठेवतात. दोन जोड्यांना वेगवेगळं पाठवून तीच वीस घरं भरायला सांगा आणि फॉर्म शेजारी ठेवा. नोंध, मजले, खांबांची संख्या जुळेल. 'बरी' आणि 'वाईट' जुळणार नाही. तिथे पोरांना दोष देऊ नका, प्रश्न बदला. छप्पर गळतं का? खांबाचा पाय कुजलाय का? भिंत बाहेर झुकलीय का? हो, नाही, बघता आलं नाही. हा तिसरा पर्याय हवाच. नाहीतर आत न शिरलेला पोरगा 'नाही' लिहितो आणि गळकं घर कागदावर कोरडं होतं.

बांधकामाचा काळ. प्रत्येक मालक तीनशे वर्षं सांगतो. सुरतेत हे तपासायला एक कठोर गोष्ट आहे: एप्रिल १८३७ची आग. तिच्यात नऊ हजारांहून जास्त घरं जळाली. म्हणजे भागळच्या आसपासचं लाकडी घर त्याआधीचं आहे म्हणणाऱ्याला पुरावा दाखवावा लागेल. म्हणून फॉर्ममध्ये एक साल लिहू नये. 'अमुक ते अमुक दरम्यान' लिहावं, आणि शेजारी 'कशावरून': दारावरचा कोरलेला संवत, दस्त, की नुसतं ऐकलेलं.

आणि आता परत माझा उंबरा. (हशा) हसा. ऑगस्ट २००६चा पूर इथे बसलेल्यांनी छातीइतक्या पाण्यात पाहिलाय. त्या पाण्याची रेघ किती घरांत अजून दाखवतात. ती मोजायची कुठून? रस्त्यावरून मोजलीत तर दर डांबरीकरणात रस्ता वर येतो आणि तुमचा आकडा खोटा होतो. उंबऱ्यापासून मोजा. शिवाय उंबरा रस्त्यापेक्षा किती वर आहे तेही लिहा. ज्या ओट्याला बऱ्याच पायऱ्या होत्या, तिथे आज एक उरली असेल, तर पावसाचं पाणी कुठून आत येतं आणि खांबाचा पाय का कुजतो, हे त्या एका मापातून कळतं. एक बिंदू: पत्ता तोच, माप तिथून, फोटोही तिथूनच.

श्रेणी मात्र दारात उभं राहून लिहायची नाही. सगळी गल्ली झाल्यावर तिघांनी फोटो समोर ठेवून बसायचं. मालकाच्या देखत कुणी 'तिसरी श्रेणी' लिहीत नाही, माणुसकी आडवी येते.

मागून एक चिठ्ठी आली आहे: "यादीत नाव गेलं की घराला खिळा ठोकता येत नाही, मग तुम्ही लोकांना फसवता का?" प्रश्न रागाचा आहे आणि रास्त आहे. मी महापालिकेचा माणूस नाही. आमचा फॉर्म म्हणजे नोंद. बंधन येतं ते सरकारी अधिसूचनेने, हरकती मागवल्यावर. पण त्या दिवशी यादी आमच्याच कागदावरून बनेल हेही खरं, ते मी लपवणार नाही. म्हणून दारात गेल्यावर हे आधी सांगायचं, मग टेप काढायची. आणि मालक, भाडेकरू, पागडी, भावांचा दावा यांतलं काही नकाशाच्या फाइलीत जाता कामा नये. नावं वेगळ्या वहीत. एकदा नकाशा वाटला गेला की परत घेता येत नाही.

दुसरी चिठ्ठी अध्यक्षांची आहे, तीत फक्त "दोन मिनिटं" आहे.

तर काका, कोसाड. आवासाच्या इमारतींपलीकडे कोसाडचं गामतळ आहे, जुनं गाव. तिथे एक अडचण जुन्या सुरतेतही नाही अशी: गावनकाशात गामतळ म्हणजे एकच ठिगळ. आत घरांच्या हद्दी आखलेल्याच नसतात, म्हणून नोंध क्रमांकाचा आधारही नाही. नकाशा आपणच टेपने मोजून काढायचा: गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप पसरायची आणि प्रत्येक उंबऱ्यापाशी मीटर लिहायचे. दोन माणसं, एक वही, एक सकाळ, एक गल्ली. घरमालकांना आधी विचारा, श्रेणीचा रकाना कोरा ठेवा. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर पडताना नाव द्या, तीस मीटरची टेप मी आणतो.