मुलांच्या डोळ्यांची उन्हाळी खाज आणि फळीवरची बाटली



शिमगा आला की आपल्या खेडच्या वाड्यांतून राब भाजायला सुरुवात होते. ऊन चढते, लाल धूळ उडू लागते आणि काही घरांत एक पोर दोन्ही मुठींनी डोळे चोळत बसते. मागच्या वर्षीही ते याच दिवसांत असेच चोळत होते. मग आई फळीवरची मागल्या वर्षाची औषधाची बाटली काढते. आज बोलायचे आहे ते याच बाटलीविषयी.

आधी दुखणे ओळखू. डॉक्टर याला व्हर्नल, म्हणजे वसंतातली, डोळ्यांची ॲलर्जी म्हणतात. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना ती होते, त्यातही मुलग्यांना जास्त. खाज इतकी की मुलाला झोप लागत नाही. उजेड सोसत नाही, पाणी गळते. डोळ्यातून पांढरट, चिकट घाण येते. ती बोटाने ओढली तर दोऱ्यासारखी लांब निघते. पांढऱ्या डोळ्यावर मळकट तपकिरी झाक येते. डोळे आले म्हणजे साथ असते, घरातल्या चौघांना लागते आणि आठ-दहा दिवसांत उतरते. ही खाज मात्र एकाच मुलाला असते, महिनोन् महिने टिकते, दरवर्षी परतते आणि कोणाला लागत नाही. तेव्हा मुलाला शाळेतून घरी बसवू नका.

आता समजा, आठ वर्षांचा एक मुलगा आहे. फाल्गुनात डोळे लाल झाले म्हणून वडिलांनी दुकानातून थेंब आणले. दोन दिवसांत खाज गेली. सगळे खूश! औषध थांबवले, आठवड्यात खाज परत. पुन्हा तीच बाटली. असे तीन महिने, आणि असे तीन उन्हाळे चालले. बाटलीत होते स्टिरॉइड. ते सूज दाबते, पण ॲलर्जी मुळातून काढत नाही. शिवाय काही मुलांच्या डोळ्यांत थोड्याच आठवड्यांत त्याने आतले पाणी बाहेर वाहण्याची वाट अडते. बांधाची मोरी तुंबली की खाचरात पाणी चढते, तसा डोळ्यात दाब चढतो. दाबाने आतली नस सुकते. हाच काचबिंदू. हा दाब सहसा दुखत नाही, डोळा वरून चांगला दिसतो. नजर कडेकडेने जाते, ती मुलाला कळत नाही. आणि गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. याच औषधाने मोतीबिंदूही होतो. तो काढता तरी येतो.

म्हणजे स्टिरॉइड वाईटच, असे नाही. दुखणे फार जोरात असेल तर डोळ्यांचे डॉक्टर ते थोडे दिवस देतात, हळूहळू कमी करतात आणि डोळ्याचा दाब मोजत राहतात. धोका आहे तो न मोजता, मनाने घालण्यात. घरातली बाटली शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड समजा. अँटिबायोटिकच्या जोडीनेही ते एकाच बाटलीत असते. मूल बरेच दिवस असे थेंब घालत असेल तर एकदम बंद करू नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "दाब मोजा" असे सांगा.

मग करायचे काय? खाज सुटली की स्वच्छ फडके थंड पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवा. चोळू देऊ नका. वर्षानुवर्षे चोळून बुबुळ पुढे शंकूसारखे येते आणि नजर बिघडते. राब भाजताना मुलाला धुरापासून लांब ठेवा, उन्हात टोपी घाला. मध, दूध, काजळ डोळ्यांत नको. ॲलर्जीचे साधे, स्टिरॉइड नसलेले थेंब मिळतात. त्यांतल्या काहींचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून "लागू पडले नाही" म्हणून सोडू नका. दरवर्षी त्रास होत असेल तर शिमग्याच्या आधीच डॉक्टरांना विचारून ते सुरू करा. फोडलेली बाटली महिन्याने टाकून द्या.

मूल डोळा उघडेना, डोळा दुखू लागला, अंधुक दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर बुबुळावर जखम झाली असू शकते. त्याच दिवशी कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय गाठा किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

बहुतेक मुलांची ही खाज वयात आल्यावर आपोआप ओसरते. तोवर त्याची नजर शाबूत राहायला हवी. म्हणून आज घरी गेल्यावर फळीवरची ती बाटली खाली काढा आणि तिच्यावरचे नाव वाचून घ्या.

नमस्कार.