जामीन राहण्याआधी

आमच्या वस्तीतल्या एका बाईंना शिलाई मशीनसाठी कर्ज नाकारलं गेलं. स्वतःचं कर्ज त्यांनी कधीच थकवलं नव्हतं. पण नवऱ्याच्या मोटारसायकलच्या कर्जाला त्या जामीन होत्या. त्याचे ३ हप्ते थकले, आणि ती नोंद बाईंच्याही नावावर चढली.

क्रेडिट स्कोअर हा ३०० ते ९०० मधला आकडा. तो पगारावरून ठरत नाही, कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरतो. थकलेले हप्ते भरले तरी जुनी नोंद लगेच पुसली जात नाही. पुढचे हप्ते महिनोन्‌महिने वेळेवर गेले, की आकडा हळूहळू वर येतो.

म्हणून जामीन राहिलात, तर हप्ता गेला का हे दरमहा पाहा. वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत मिळतो, तो मागवा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. आणि सहीआधी स्वतःला विचारा: त्याने भरलं नाही, तर मी भरू शकेन का?